‘प्रेमाने हाताळतो’च्या जागी काय लिहायचं?

प्रश्न : नाशिकला माझं छोटं ग्रूमिंग सेंटर आहे. एक टेबल, एक टब, मी आणि मदतीला एक मुलगी. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी कॅप्शन लिहिलं : ‘सिल्व्हर ₹700, गोल्ड ₹1200, प्लॅटिनम ₹1800. सकाळी 10 ते संध्याकाळी 7. घाबरट पेट्सना प्रेमाने हाताळलं जातं. आजच बुक करा!’ लाइक येतात, पण फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात, बिलावरून वाद होतात आणि दुपारनंतर सगळ्या वेळा कोलमडतात. त्यात एखादा कुत्रा ब्लोअर लावला की थरथरतो, दात दाखवतो. काम अर्धवट सोडलं तर मालक म्हणतात, ‘तुम्हीच लिहिलंय ना, प्रेमाने हाताळतो म्हणून?’ कॅप्शनमध्ये नेमकं काय लिहू?
— एक ग्रूमर, नाशिक

उत्तर : सुरुवात त्या प्रेमाच्या वाक्यापासूनच करू, कारण तुमच्या बाकीच्या तक्रारींचं मूळ बरंचसं तिथेच आहे. ‘प्रेमाने हाताळतो’ हे प्रत्येकच सेंटर लिहितं. कुत्र्याला आखूड पट्ट्याने टेबलाला जखडून वीस मिनिटांत काम उरकणाराही लिहितो. वाचणाऱ्या मालकाला त्यातून इतकंच कळतं की इथे कसाही कुत्रा आणला तरी काम पूर्ण होऊनच मिळेल. मग तुम्ही मध्येच थांबलात की त्याला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून तिथे भावना न लिहिता कृती लिहा. घाबरणाऱ्या जनावरासाठी तुम्ही वेगळं काय करता, कुठे थांबता आणि थांबलात तर पैसे किती घेता, हे तिन्ही लिहिलं की वाद घालायला जागा राहत नाही.

आधी मालक जे सांगतात त्याचं बघू. ‘थोडा घाबरट आहे’ या शब्दांवरून तुम्हाला काहीच ठरवता येत नाही. बुकिंगच्या वेळी एक नेमका प्रश्न विचारा : कशाला घाबरतो? पाय धरला की, कानाला हात लावला की, ब्लोअरच्या आवाजाला, की दुसरा कुत्रा दिसला की? आणि लगेच दुसरा : आजवर कधी कुणाला दात लागलेत का? दुसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. ‘चावतो का?’ असं विचारलं तर शंभरातले नव्व्याण्णव जण ‘छे छे’ म्हणणार. ‘दात लागलेत का’ म्हटलं की ‘हो, एकदा नखं कापताना डॉक्टरांना…’ असं आपसूक बाहेर येतं.

आता समजा चार वर्षांचा शिह त्झू आहे. पावसाळाभर विंचरला नाही, कानामागे गुंते झालेत आणि ब्लोअरला घाबरतो. मालकांना सगळं एकाच दिवशी हवंय. तुमच्या सध्याच्या कॅप्शनप्रमाणे तो प्लॅटिनम घेऊन दुपारी चारला येईल. आधीच्या लॅब्रॅडॉरचं वाळवणं अजून चालू असेल, शिह त्झू पिंजऱ्यात बसून अर्धा तास तो आवाज ऐकेल आणि टेबलावर येईपर्यंत त्याचा धीर संपलेला असेल. त्यानंतर तुम्ही कितीही मायेने बोललात तरी काही उपयोग नाही.

त्याला सकाळी दहाला बोलवा. सेंटर उघडल्यावर तो पहिला, आणि त्या वेळेत दुसरं जनावर नाही. टेबलावर रबरी मॅट असू द्या. पाय घसरले की शांत कुत्राही बिथरतो. टेबलाला बांधायचा गळ्यातला लूप सैल ठेवा, आणि लूपमध्ये अडकवलेलं असताना टेबलापासून एक पाऊलही लांब जाऊ नका. फोन वाजला तर वाजू द्या. टेबलावरून उडी मारली की गळफास बसतो, हे या धंद्यातलं अगदी जुनं संकट आहे.

मग स्टीलचा कंगवा घ्या. कानामागे, पुढच्या पायांच्या काखेत आणि मागच्या मांड्यांच्या आत, या तीन ठिकाणी मुळापासून फिरवून बघा. स्लिकर ब्रश वरवर फिरतो आणि केस मोकळे आहेत असा भास होतो. कंगवा खोटं बोलत नाही. जिथे अडकेल तिथला फोटो काढून तेव्हाच मालकांना दाखवा, आंघोळीच्या आधी. ओले झाले की गुंते आवळून आणखी घट्ट होतात, मग सोडवायला तिप्पट वेळ लागतो आणि कुत्र्याला दुखतं. छोटा गुंता बोटांनी फोडून, मुळाशी चिमटीत धरून सोडवता येतो. कातडीला चिकटून नमदा झाला असेल तर विंचरत बसू नका. क्लिपरने काढून टाका. कात्री तर तिथे नकोच. गुंत्याबरोबर कातडी वर ओढली जाते आणि केस समजून आपण कातडीच कापतो. आतून लाली, ओली जखम किंवा गोचीड निघाली तर तिचाही फोटो घ्या, नाहीतर ती जखम तुमच्या नावावर लागते.

ब्लोअरचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुमचा खरा अडसर तोच आहे. पुढचं अरुंद तोंड, म्हणजे नोझल, काढून ठेवा. त्याच्यामुळे हवेची धार तीक्ष्ण होते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. टॉवेलने जितकं पाणी टिपून घेता येईल तितकं घ्या, म्हणजे ब्लोअरची मिनिटंच कमी होतात. कानांवरून मऊ ताणणारा कापडी पट्टा बसवा. आंघोळीच्या आधीच एकदा मशीन टेबलापासून लांब, सगळ्यात कमी वेगावर सुरू करून नुसतं चालू राहू द्या. कुत्र्याकडे हवा नाही, फक्त आवाज. त्या वेळी त्याला खाऊ द्या. खातोय, म्हणजे अजून जमतंय. घरी पोळीच्या तुकड्यासाठी उड्या मारणारा कुत्रा इथे चिकनच्या तुकड्याकडेही बघत नसेल, तर तो घाबरण्याच्या पुढच्या पायरीवर गेलाय, मग दिसायला कितीही शांत असो. खात असेल तर आंघोळीनंतर हवा मागच्या मांडीपासून सुरू करा आणि हळूहळू पुढे या. तोंडावर ब्लोअर कधीच नको, तिथे टॉवेल आणि हात. पावसाळ्यात जाड केसांचा कुत्रा अर्धा ओला सोडून चालत नाही, केसांखाली ओल राहिली की खाज आणि चट्टे उठतात. म्हणून ब्लोअर अजिबात सहन होत नसेल तर त्या दिवशी आंघोळच घालायची नाही. गुंते आणि नखं करा, घरी पाठवा. आंघोळीला आठवड्याने पुन्हा बोलवा. छोट्या केसांच्या गावठी कुत्र्याला मात्र दोन कोरड्या टॉवेलांनी आणि पंख्याने पुसून वाळवलं तरी भागतं.

थांबायचं कधी, हे तुम्हाला आणि मदतीच्या मुलीला सारखंच माहीत हवं. ओठ चाटणं, जांभई, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत बघणं, ही सुरुवातीची लक्षणं. इथे दोन मिनिटं हात काढून घ्या, बहुतेक जण परत सावरतात. शेपूट पोटाखाली, अंग ताठ, श्वास रोखून एकदम पुतळा झाला, तर ते सहकार्य नव्हे. पुढच्याच क्षणी दात येऊ शकतात. गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. ओरडून ती बंद केली की पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावेल आणि तो चावा बहुधा मुलीच्या हाताला बसेल. बसलाच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे रेबीजच्या इंजेक्शनसाठी जायचं, कुत्र्याची लस झालेली असली तरी. तरीही बुकिंगला लसीच्या कार्डाचा फोटो मागा. एकदा कॅप्शनमध्ये लिहिलंत की मागायला अवघड वाटत नाही.

तोंडाला जाळी लावणं म्हणजे क्रूरपणा, असं काही मालकांना वाटतं. बास्केटसारखी जाळी असेल तर कुत्रा तोंड उघडून धापा टाकू शकतो, पाणीही पिऊ शकतो. तोंड आवळून धरणारी कापडी पट्टी मात्र नखांच्या दोन मिनिटांपुरतीच ठीक आहे, ब्लोअरखाली अजिबात नको. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, ती वाटच आपण बंद करतो. पग आणि तसल्या चपट्या नाकाच्यांना तर गरम हवेच्या बंद पेटीत वाळवायला ठेवूच नका.

झोपेच्या गोळीबद्दल कॅप्शनमध्ये स्पष्ट लिहाच. ‘घरून गोळी देऊन आणू का?’ हा प्रश्न तुम्हाला येत असणारच. गुंगीतल्या कुत्र्याचा तोल जातो, शरीराचं तापमान नीट सांभाळलं जात नाही, आणि काही औषधांनी अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते. तो दचकून एकदम चावतो. ज्याला गोळीशिवाय हात लावता येत नाही, त्याचं काम पशुवैद्यांच्या दवाखान्यात, त्यांच्या नजरेखाली व्हायला हवं. तुमच्याकडे नाही. आणि डॉक्टरांनी भीतीसाठी काही औषध सुरू केलं असेल तर ते तुम्हाला आधी सांगितलंच पाहिजे.

मांजरं घेत असाल तर तीही त्याच सकाळच्या वेळेत घ्या, दार बंद करून. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं की काम तिथल्या तिथे थांबवा. कुत्र्याचं धापा टाकणं रोजचं, मांजराचं तसं नसतं. शांत होईना, तर थेट डॉक्टर.

आता वेळा. ‘10 ते 7’ ही दुकानाची वेळ झाली, अपॉइंटमेंटची नव्हे. लॅब्रॅडॉरची आंघोळ, वाळवणं, नखं, कान धरून दीड तास जातो. शिह त्झू किंवा ल्हासाचं पूर्ण कटिंग अडीच तास घेतं. तुम्ही बहुधा तासाला एक असं बुक करत असाल, मग दुपारी गाडी घसरणारच. एका टेबलावर दिवसाला चार जनावरं, यापेक्षा जास्त नीट होत नाहीत. सकाळी 10 वाजता घाबरणारं, पावणेबाराला छोट्या केसांचं, जेवणानंतर 2 वाजता कटिंगचं, आणि 5 वाजता पुन्हा आंघोळीचं. मधल्या मोकळ्या वेळात टब धुणं, कंगवे आणि ब्लेड पुसणं, केस झाडणं होतं. चारांत भागत नाही असं वाटत असेल तर दर वाढवा, पाचवं जनावर घुसवू नका. आणि घेऊन जायची वेळही लिहा. काम संपल्यावर तीन तास पिंजऱ्यात बसलेला कुत्रा पुढच्या वेळी दारातच बसकण मारतो.

पॅकेजच्या नावांवर फार वेळ घालवत नाही. सिल्व्हर-गोल्डमधून नखं कापणार की नाही तेच कळत नाही, म्हणून तुम्हाला दहा फोन येतात. कामाचंच नाव द्या. दर मात्र तुमचेच ठेवते. एकच वाक्य जास्त घाला : दाट, दुहेरी केसांच्या कुत्र्यांना सरसकट मशीन मारत नाही. एप्रिल उजाडला की हस्की, गोल्डन आणि पॉमेरेनियनवाले ‘झिरो कट करून द्या, उकडतंय त्याला’ म्हणत येतात. आतली मऊ लव काढून टाकायला हवी, त्यासाठी नीट विंचरून आंघोळ घालणं पुरतं. वरचे केस मुळापासून काढले की कातडी उन्हात उघडी पडते आणि काहींना केस परत येताना ठिगळं-ठिगळं येतात, महिनोन् महिने. त्याचा जाब मालक तुम्हालाच विचारणार.

एवढं सगळं डोळ्यांसमोर ठेवून मी कॅप्शन असं लिहीन. पहिल्या दोन ओळींतच मुद्दा आणलाय, कारण पुढचं इन्स्टाग्राम दुमडून ठेवतं.

> घाबरणाऱ्या कुत्र्या-मांजरांसाठी रोज सकाळी 10ची वेळ राखीव. त्या वेळी सेंटरमध्ये दुसरं जनावर नसतं.
>
> आंघोळ, ₹700 : शाम्पू, वाळवणं, विंचरणं. सव्वा तास.
> आंघोळ आणि सफाई, ₹1200 : वरचं सगळं, शिवाय नखं, कान, पंजांमधले आणि शेपटीखालचे केस. दीड तास.
> पूर्ण कटिंग, ₹1800 : वरचं सगळं आणि अंगाचं, तोंडाचं कटिंग. अडीच तास.
> हे दर छोट्या आणि मध्यम कुत्र्यांचे. गोल्डन, हस्कीसारख्या मोठ्या केसाळ कुत्र्यांचा आणि मांजरांचा दर फोटो पाहून सांगतो. दुहेरी केसांना झिरो कट करत नाही.
>
> गुंते असतील तर आंघोळीआधी कंगवा फिरवून तुम्हाला दाखवतो. जास्तीचे पैसे तेव्हाच सांगतो. तुमच्या होकाराशिवाय मशीन लावत नाही.
>
> वेळा : 10:00 (घाबरणाऱ्यांसाठी), 11:45, 2:00, 5:00. काम झालं की मेसेज करतो, अर्ध्या तासात घेऊन जा.
>
> तुमचं जनावर घाबरत असेल तर : ब्लोअर लांबून आणि कमी वेगावर, तोंड फक्त टॉवेलने. गरज पडली तर श्वास घेता येईल अशी जाळी, तुम्हाला सांगून. खूपच घाबरलं तर काम थांबवतो आणि उरलेलं पुढच्या भेटीत करतो. जेवढं काम झालं तेवढेच पैसे, किमान ₹400. झोपेचं औषध आम्ही देत नाही. घरून देऊन आणू नका. डॉक्टरांचं औषध चालू असेल तर आधी कळवा.
>
> बुकिंगसाठी पाठवा : आजचा फोटो, वय, रेबीज लसीच्या कार्डाचा फोटो, आणि कशाला घाबरतो ते. पूर्वी कुणाला दात लागले असतील तर तेही सांगा. त्यावरून वेळ ठरवतो, नाकारत नाही.

₹400 हा आकडा मी घातलाय, तुम्हाला परवडेल तो ठेवा, पण आकडा ठेवाच. नाहीतर अर्ध्यावर थांबलेल्या दिवशी तुम्ही पैसे मागायला लाजणार, आणि पुढच्या वेळी नुकसान नको म्हणून कुत्र्याला रेटणार. मालकाला ‘उरलेलं पुढच्या भेटीत’ हे आधी वाचायला मिळालं असेल तर तो बहुतेक वेळा सहज मान्य करतो. तुमच्याशी भांडणारे बरेचसे लोक कंजूष नसतात, त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं इतकंच.

शेवटच्या ओळीतलं ‘नाकारत नाही’ हे तुम्हाला पाळता येत असेल तरच ठेवा. दोनदा चावलेला कुत्रा आणि तुम्ही दोघीच, तर दवाखान्यात पाठवणं योग्य. मग ते शब्द काढा आणि ‘गरज वाटली तर पशुवैद्यांकडे पाठवतो’ असं लिहा. ‘शंभर टक्के सुरक्षित’ वगैरे तर लिहूच नका. नख जरा आत कापलं गेलं की रक्त येतं, रक्त थांबवायची पावडर प्रत्येक ग्रूमरच्या खणात असते, मग शंभर टक्के कुठले? आणि घाबरून थरथरणाऱ्या कुत्र्याचे ‘पाहा कसा शांत झाला’ असले रील टाकू नका. जाणकार मालक त्यात तुमची माया बघत नाही. ताठ अंग आणि मागे वळवलेले कान त्याला आधी दिसतात.

अजून दोन बारीक गोष्टी, या कॅप्शनमध्ये नकोत पण बुकिंगच्या उत्तरात जाऊ द्या. मानेवर सोडायचं गोचिडांचं औषध लावलं असेल तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, औषध धुऊन जातं. आणि दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळी 5ची वेळ घाबरणाऱ्या कुत्र्यांना देऊच नका. फटाके सुरू होतात, घरी जाताना रिक्षात तो पट्टा सोडवून पळाला तर सापडेपर्यंत रात्र होते. त्या दिवसांत सकाळच्या वेळा आधी भरतात, म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांना कोजागिरीच्या सुमारासच मेसेज करून ठेवा.